बेरीज शिळी, फाइल ताजी

एका छोट्या कारखान्याचा हिशेब घेऊ. खरेदी विभागातल्या मॅडमनी सुट्या भागांच्या मागणीचा एक्सेल तक्ता केला. त्यात नग, दर, रक्कम, खाली एकूण, त्याखाली १८ टक्के जीएसटी आणि शेवटी देय रक्कम. एकूण १,८६,४०० रुपये, जीएसटी ३३,५५२, देय २,१९,९५२. दुपारी पुरवठादाराचा फोन आला, की बेअरिंगचा दर २४० नाही, २६५ धरा. मॅडमनी दर बदलला. शॉपफ्लोअरवरून निरोप आला, बेल्ट ४० ऐवजी ५५ लागतील. तोही आकडा बदलला, फाइल सेव्ह केली, मेलने लेखा विभागात पाठवली आणि फोनवर सांगितले, ‘सर, दोन लाख एकोणीस हजार नऊशे बावन्न मंजूर करून घ्या.’

लेखा विभागातल्या सरांनी फाइल उघडली. त्यांच्याकडे देय रक्कम दिसली २,२८,९७९. फरक ९,०२७ रुपयांचा. फाइल तीच, सूत्रे तीच, दोघांनीही मध्ये काही ढवळाढवळ केलेली नाही. अशा वेळी कचेरीत पहिला संशय माणसावर जातो. कोणीतरी जुनी फाइल पाठवली, कोणाचा तरी हात लागला. प्रत्यक्षात मॅडमच्या पडद्यावरची बेरीज शिळी होती. दर आणि नग नवे होते, पण त्यांच्यावरची गणिते पुन्हा झालेलीच नव्हती.

हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एक्सेल प्रत्येक सूत्राबरोबर त्याचे शेवटचे उत्तरही फाइलमध्ये साठवते. पडद्यावर दिसते ते हे साठवलेले उत्तर. एरवी आपण आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी सूत्रे आपोआप पुन्हा सोडवली जातात, म्हणून हा भेद कधी जाणवत नाही. पण एक्सेलमध्ये Formulas या टॅबवर Calculation Options नावाची यादी आहे. तिथे Automatic ऐवजी Manual निवडलेले असेल, तर F9 दाबेपर्यंत एक्सेल जुनीच उत्तरे दाखवत राहते.

ही सोय मुद्दाम दिलेली आहे आणि तिचा उपयोगही आहे. हजारो ओळी आणि एकमेकांत गुंतलेली सूत्रे असलेल्या जड फाइलमध्ये एक आकडा बदलला की संगणक बराच वेळ अडकून बसतो. म्हणून अशा फाइलवर काम करणारी मंडळी गणना हाती ठेवतात. पण मॅडमनी तर हे बटण कधी पाहिलेलेही नव्हते. मग त्यांच्याकडे ते आले कुठून?

खरी मेख इथे आहे. गणनेची ही रीत व्यवहारात एकेका फाइलपुरती राहत नाही, ती त्या वेळी चालू असलेल्या संपूर्ण एक्सेलला लागू होते. एक्सेल सुरू करून तुम्ही जी फाइल सर्वांत आधी उघडता, तिच्यात साठवलेली रीत त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक फाइलला लागते. खिडक्या वेगवेगळ्या दिसल्या तरी आत प्रोग्रॅम सहसा एकच चालू असतो. मॅडमनी त्या दिवशी सकाळी आधी उत्पादन नियोजनाची जड फाइल उघडली होती आणि ती Manual मध्ये सेव्ह केलेली होती. पाठोपाठ उघडलेला खरेदीचा तक्ताही त्याच रीतीने चालला. तो सेव्ह झाला तेव्हा ती रीत त्याच्यातही साठवली गेली. संसर्ग पसरावा तशी ही गोष्ट एका फाइलमधून दुसरीत जाते आणि मेलने दुसऱ्याच्या टेबलावर पोचते.

सेव्ह करताना तरी गणित का झाले नाही, असे कोणी विचारील. Manual मध्येही ‘सेव्ह करण्यापूर्वी गणना करा’ अशी एक खूण मुळात असते आणि बहुतेक वेळा तीच आपल्याला वाचवते. जड फाइल सेव्ह व्हायला फार वेळ लागतो म्हणून मॅडमच्या संगणकावर ती कोणीतरी काढून टाकलेली होती.

सरांकडे मात्र सकाळपासून दुसरी, Automatic रीतीची फाइल उघडी होती. त्यामुळे खरेदीचा तक्ता उघडून Enable Editing दाबल्यावर एक्सेलने राहून गेलेली गणिते उरकली आणि योग्य रक्कम दाखवली. त्याआधी, वर पिवळी पट्टी असताना, त्यांनाही मॅडमचाच जुना आकडा दिसला असता, कारण त्या अवस्थेत एक्सेल फक्त साठवलेली उत्तरे दाखवते. आणि सरांनी त्या दिवशी हीच फाइल सर्वांत आधी उघडली असती, तर त्यांचे एक्सेलही Manual झाले असते. मग दोघांचे आकडे जुळले असते आणि नऊ हजारांची चूक मंजुरीला गेली असती. मला ही शक्यता तफावतीपेक्षा जास्त घातक वाटते. तफावत निदान ओरडून सांगते.

शिळी बेरीज ओळखायची कशी? अनेक जण रक्कम हा स्तंभ निवडून खालच्या पट्टीवर Sum पाहतात. इथे त्याचा उपयोग नाही. ती पट्टी पेशींमध्ये दिसणाऱ्या उत्तरांचीच बेरीज करते आणि ती उत्तरेच जुनी असतील तर १,८६,४०० हाच आकडा पुन्हा येईल. उलट खात्री पटल्यासारखे वाटेल. त्यापेक्षा नुकतीच बदललेली एक ओळ कॅल्क्युलेटरवर करून पाहा. बेअरिंग १२० नग, दर २६५, म्हणजे ३१,८०० यायला हवेत. तक्त्यात २८,८०० दिसत असतील, तर ती २४० च्या दराची रक्कम आहे. बेल्टच्या ओळीत ३१० च्या दराने ५५ नगांचे १७,०५० हवेत, दिसतात ४० नगांचे १२,४००. दोन्ही मिळून ७,६५० कमी, त्यावर जीएसटी १,३७७. हेच ते ९,०२७.

पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात Calculate असा शब्द आला असेल, तर गणित बाकी आहे. आणखी एक खूण म्हणजे एका ओळीतले सूत्र खाली ओढले आणि सगळ्या ओळींत एकच रक्कम उमटली, तर समजावे, रीत Manual आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत Format Stale Values हा पर्याय चालू असेल, तर शिळ्या आकड्यांवर आडवी रेघ दिसते. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

कधी कधी ही रीत मॅक्रोही लावून जातो. काम लवकर व्हावे म्हणून सुरुवातीला गणना थांबवली जाते:

```
Application.Calculation = xlCalculationManual
```

शेवटी ती पुन्हा चालू करणारी ओळ असते, पण मॅक्रो अध्येमध्ये चूक येऊन थांबला तर तिथवर पोचतच नाही. काम संपले असे समजून माणूस पुढच्या फाइलकडे वळतो, एक्सेल मात्र Manual मध्येच राहते.

उपाय सोपा आहे. F9 दाबले की सर्व उघड्या फाइलींतली राहिलेली गणिते होतात. तरीही शंका असेल तर Ctrl+Alt+F9 दाबावे, म्हणजे बदल झाला असो वा नसो, प्रत्येक सूत्र नव्याने सोडवले जाते. मात्र F9 ने रीत बदलत नाही. त्यासाठी Calculation Options मध्ये Automatic निवडून फाइल पुन्हा सेव्ह करावी लागते, नाहीतर ती उद्या आणखी कोणाच्या तरी संगणकावर पहिली उघडली जाईल.

जड फाइल सांभाळणाऱ्यांना एक विनंती आहे. फाइल Manual ठेवणे भाग असेल तर जरूर ठेवा, पण पहिल्याच पानावर वर ठळक लिहा, ‘ही फाइल Manual आहे, आकडा वाचण्याआधी F9 दाबा आणि काम झाल्यावर एक्सेल पूर्ण बंद करा.’