सोन्याचा सहा वर्षांचा तळ

सप्टेंबर 2011 मध्ये सोनं औंसाला सुमारे 1,920 डॉलरवर पोचलं आणि तिथून उतरू लागलं. 2013 च्या मध्यापासून 2019 च्या मध्यापर्यंतचा त्याचा साप्ताहिक चार्ट बघा. त्यात एका आठवड्याची एक कँडल असते, त्यामुळे रोजची धावपळ गाळली जाते आणि बशीसारखा पसरट तळ उघडा दिसतो. डिसेंबर 2015 मध्ये भाव 1,045 च्या आसपास गेला. वर मात्र 1,350 ते 1,390 च्या पट्ट्यात तो 2014, 2016 आणि 2018 मध्ये अडून परतला.

अडण्याचं कारण साधं आहे. वरच्या भावात अडकलेला माणूस भाव परत आला की ‘मुद्दल सुटलं’ म्हणून विकतो. हा माल एका फेरीत संपत नाही. तो दमदार हातांत जायला वेळ लागतो, आणि बेसच्या लांबीला अर्थ येतो तो यामुळेच.

2016 ची फेरी फसली. अवघ्या सात महिन्यांत भाव 1,375 पर्यंत चढला, पण पट्ट्याच्या वर टिकला नाही आणि डिसेंबरात 1,125 च्या खाली आला. पुढचा मोठा तळ ऑगस्ट 2018 मध्ये 1,160 जवळ झाला. खालचे तळ चढत होते, म्हणजे विकणारे थकत होते. जून 2019 मध्ये आठवड्याचा बंद भाव पट्ट्याच्या वर 1,400 च्या आसपास गेला. आठवड्यातल्या एखाद्या उसळीपेक्षा मी या बंद भावाला जास्त मोल देतो.

भाव कुठवर जाईल याचा अंदाज मात्र बेसच्या उंचीवरून काढतात. 1,375 मधून 1,045 वजा केले तर 330 उरतात. ते 1,375 वर ठेवले की 1,705 येतात. हा आकडा एप्रिल 2020 मध्ये ओलांडला गेला आणि ऑगस्टमध्ये भाव सुमारे 2,075 पर्यंत पोचला. मधे मार्चच्या घबराटीत तो 1,450 जवळ घसरला, पण जुन्या पट्ट्याच्या खाली गेला नाही.

बेस किती वर्षं चालला यावरून नेमकं लक्ष्य काढता येत नाही. वरचा माल किती पचला आहे आणि नंतरच्या घसरणीत जुना पट्टा आधार देईल का, एवढाच अंदाज त्यातून बांधता येतो. लांब बेसनंतरची चाल उंचीच्या हिशेबापुढे जाऊ शकते, पण जाईलच असं नाही. शिवाय आपल्यासमोर येतात ते बहुतेक फुटलेले बेस. दहा वर्षं आडवे पडून राहिलेले आणि शेवटी खाली तुटलेले शेअर चार्टच्या पुस्तकांत क्वचितच छापले जातात. खरेदी केलेला बेस त्यांपैकी निघाला, तर साप्ताहिक बंद भाव पुन्हा पट्ट्याच्या आत येतो, आणि बाहेर पडायची वेळ तीच.