गॅलरीतला मळा (भाग ७) : एक ऊन, तीन कुंड्या

गेल्या आठवड्यात माती कालवून ठेवली. आता लावायचं काय आणि कुठे? कोथिंबीर, पुदिना आणि मिरची ही घरोघरी ठरलेली त्रयी. तिघांना एका रांगेत मांडून रोज तांब्याभर पाणी घालण्याची पद्धतही तितकीच ठरलेली, आणि तिथेच सगळं फसतं.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका फ्लॅटची दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी घेऊ. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, वर वरच्या मजल्याचा स्लॅब. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे डिसेंबरात ऊन थेट खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येतं. मार्चनंतर तो वर चढतो आणि ऊन कठड्याकडे सरकू लागतं. मे महिन्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, आणि बाहेर रणरण असताना ही गॅलरी जवळजवळ सावलीत असते. म्हणजे इथला खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. कामाला लागायचं ते आत्ताच.

कठड्यालगतची जागा मिरचीची, कारण तिला रोज सहा तास तरी ऊन हवं. पश्चिमेच्या भिंतीकडचा कोपरा कोथिंबीर आणि पुदिन्याला द्यावा. तिथे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपार कलली की भिंतीची सावली पडते.

तिघांत सगळ्यात लहरी कोथिंबीर. तिचं मूळ सोटमूळ असतं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावलं की ती रुसते. बी थेट कुंडीतच पेरावं. कुंडी आठ इंच खोल आणि पसरट असली की झालं. एका धन्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटणं हलकेच फिरवून त्याच्या दोन डाळी कराव्यात, पीठ नव्हे. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेराव्यात. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात आणि सहा आठवड्यांच्या आसपास पहिली कापणी मिळते. डब्यातले धने जुने असतील तर उगवत नाहीत. तेव्हा आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून पाहावेत.

कोंब दिसल्यावर माती सतत चिंब ठेवली तर रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. हा बुरशीचा उद्योग. बोट पेरभर मातीत घालावं आणि कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. उलट माती वारंवार कडक वाळली किंवा ऊन तापलं, की कोथिंबीर घाईने फुलावर येते. याची खूण फुलाच्या बरीच आधी दिसते: नवी पानं रुंद न येता शेपूसारखी बारीक चिरलेली येतात. मधला दांडा उंच होऊ लागतो. एकदा हे सुरू झालं की शेंडे खुडून उपयोग नसतो. झाड पुन्हा पाल्याकडे वळत नाही. दोन-चार रोपं धन्यासाठी राखावीत, बाकीची भाजीत घालावीत. खरा उपाय कॅलेंडरवर आहे. एकदम सगळं न पेरता दर तीन आठवड्यांनी अर्धी कुंडी पेरावी, आणि फेब्रुवारीनंतर नवी पेरणी थांबवावी.

पुदिन्याचं फार काही नाही. बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या घ्याव्यात, खालची पानं काढून पाण्यात उभ्या कराव्यात. आठवडा-दीड आठवड्यात पेरांना मुळं फुटतात. कुंडी मात्र त्याची एकट्याचीच असावी, कारण त्याचे धुमारे मातीत पसरून शेजाऱ्याची जागा खातात. मधला भाग टकला झाला की कडेच्या ताज्या काड्या नव्या मातीत लावाव्यात.

मिरचीला दहा-बारा इंची कुंडी, आणि एका कुंडीत एकच रोप. दोन पाण्यांच्या मध्ये वरची माती सुकू द्यावी. शेणखत हावरेपणाने घातलं तर झाड पानांनी भरतं आणि मिरच्या मात्र लागत नाहीत. मिरचीचं खरं दुखणं म्हणजे पानांचा चुरडा, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे. खाली वळून देठ लांबलं तर कोळी. लोक याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी ओततात आणि मुळं कुजवतात. पानाची मागची बाजू आधी पाहावी. वाकडे शेंडे खुडून टाकावेत. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या मागून फवारावं, आणि आठवड्याने पुन्हा.

पुढच्या भागात पाण्याचा निचरा आणि ताटल्या पाहू. तोपर्यंत धने भिजत घाला.