न हलता लागलेली गाडी

शिरवळहून साताऱ्याकडे निघालं की थोड्याच वेळात खंबाटकी घाट येतो. लहानपणी एसटीत आई मला खिडकीशी बसवायची आणि बजावायची, "पुस्तक मिट आणि लांब बघ." घाट संपेपर्यंत निम्म्या प्रवाशांचे चेहरे उतरलेले असायचे. चालकाला मात्र गाडी लागलेली मी कधी पाहिली नाही.

हे सगळं पुन्हा आठवलं ते घरात, खुर्चीवर बसलेलो असताना. भाच्याने लॅपटॉपवर एक खेळ लावून दिला होता. या प्रकारच्या खेळांत आपलं पात्र आपल्याला दिसत नाही. पडदा म्हणजेच त्या पात्राचे डोळे, आणि माउस फिरवला की त्याची मान वळते. वीस मिनिटांत मला जांभया येऊ लागल्या, तोंडात लाळ जमली, कपाळावर गार घाम आला. लक्षणं सगळी घाटातली, आणि मी तर जागचा हललोही नव्हतो.

जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ साली या विकारावर एक ग्रंथ लिहिला. त्यांची मांडणी अशी की डोळे एक सांगतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव दुसरंच सांगतो, आणि या विसंगतीतून मळमळ उपजते. बसमध्ये पुस्तक वाचताना कान म्हणतो 'हलतोय', डोळे म्हणतात 'स्थिर आहे'. खेळात याच्या नेमकं उलट होतं. मळमळीमागचं हे एकच कारण आहे असं सगळे अभ्यासक मानत नाहीत, पण खेळाच्या सेटिंगमध्ये काय बदलावं हे समजायला ही मांडणी पुरेशी आहे.

आधी एक छोटा प्रयोग. हा अंक डोळ्यांसमोर स्थिर धरा आणि मान डावी-उजवीकडे भराभर हलवत वाचा. वाचता येतं. आता मान स्थिर ठेवा आणि अंक तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं फिसकटतात. मान हलते तेव्हा कान डोळ्यांना जवळजवळ तत्क्षणी खबर देतो आणि बुबुळं उलट दिशेला वळून चित्र जागेवर ठेवतात. कागद हलला तर अशी खबर कुणीच देत नाही.

खेळातलं Head Bob, म्हणजे चालताना दृश्याचं खालीवर डुलणं, हा तो हलवलेला कागद आहे. चालताना आपलं डोकं साधारण चार-पाच सेंटिमीटर खालीवर होतं, पण कान आणि डोळे मिळून ते हिंदकळणं पुसून टाकतात, म्हणून आपल्याला रस्ता उड्या मारताना दिसत नाही. खेळ मात्र शरीराने पुसलेली गोष्ट पुन्हा चितारतो, आणि बहुधा वाढवून. १९९३ साली आलेल्या 'डूम' या गाजलेल्या खेळाची संगणकीय संहिता पुढे खुली झाली, त्यामुळे त्यातले आकडे तपासता येतात. पात्राचे डोळे जमिनीपासून ४१ एककांवर असतात आणि धावताना ते ८ एककं वर, ८ एककं खाली जातात. दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाच्या मापात हे वर एकोणतीस आणि खाली एकोणतीस सेंटिमीटर झाले. तेही सेकंदाला पावणेदोन वेळा. म्हणून हे सेटिंग सरळ बंद करावं. काही खेळांत ते वेगळ्या नावाने असतं. 'माइनक्राफ्ट'मध्ये ते View Bobbing म्हणून सापडतं.

Motion Blur, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, हीदेखील अशीच उसनी गोष्ट आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चौकटीवर काही क्षण प्रकाश पडतो आणि त्या वेळात जे हललं ते फराटलं जातं. खेळ हा परिणाम मुद्दाम काढून दाखवतो. पण खऱ्या जगात मी वळताना एखाद्या झाडावर नजर धरून ठेवली तर ते झाड स्पष्ट दिसतं. माझी नजर पडद्यावर कुठे आहे हे खेळाला कळत नाही, त्यामुळे तो झाडासकट सगळंच फराटतो. डोळा धरायला काही शोधतो आणि धरण्याजोगं काही उरत नाही. हेही बंद करावं.

तिसरं सेटिंग बंद करता येत नाही, ते जुळवावं लागतं. FOV म्हणजे दृश्याचा कोन: पडद्याच्या चौकटीत भोवतालच्या जगाचा किती भाग कोंबला आहे, त्याचं माप. भाच्याच्या खेळात तो आडवा साठ अंश होता. लांबवर ठेवलेल्या टीव्हीसाठी असा अरुंद कोन ठेवण्याची पद्धत आहे. लॅपटॉपशी हातभर अंतरावर बसलं की तो त्रास देतो. अरुंद कोनात जग दुर्बिणीतून पाहिल्यासारखं मोठं होतं, आणि दुर्बीण जराशी हलली तरी दृश्य केवढं धावतं हे आपल्याला ठाऊक आहे. हिशेब केला तर मान तेवढीच वळवूनही पडद्याच्या मध्यावरचं चित्र नव्वद अंशांपेक्षा साठ अंशांत पावणेदोन पट वेगाने सरकतं. शिवाय कडेचं काही दिसत नसल्यामुळे मान सारखी वळवावी लागते.

मग कोन जितका रुंद तितका बरा का? नाही. फार रुंद केला की कडेच्या गोल वस्तू लांबट दिसतात आणि धावताना बाजूची जमीन अंगावरून वाहत गेल्यासारखी वाटते. ही खूण दिसली की पाच-दहा अंश मागे यावं. आकडा वाचतानाही एक खबरदारी हवी, कारण काही खेळ आडवा कोन मोजतात, काही उभा. 'माइनक्राफ्ट'मधला ७० हा उभा कोन आहे. रुंद पडद्यावर तो आडवा सुमारे १०२ होतो.

इथे एक गोंधळ होतो. कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्यात हालचालीच्या वेळी दृश्याच्या कडा हळूच झाकल्या तर त्रास कमी होतो. मग तिथे अरुंद बरं आणि इथे रुंद बरं, हे कसं? दोन्हीकडे 'कोन' हा शब्द एकच असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. चष्म्यात चित्र जवळजवळ सगळी नजर व्यापतं आणि जग खऱ्या मापातच दिसतं, म्हणून तिथे कडा झाकणं एवढंच हाती असतं. लॅपटॉपचा पडदा मात्र नजरेचा जेमतेम तीस-बत्तीस अंश भाग व्यापतो. भोवतालची स्थिर भिंत दिसतेच; प्रश्न उरतो तो चौकटीतल्या दुर्बिणीचा.

मी एका दिवशी एकच गोष्ट बदलली, कारण एकदा चढलेली मळमळ तासन्‌तास रेंगाळते आणि लगेच केलेली दुसरी चाचणी खोटी ठरते. पहिल्या दिवशी डुलणं बंद केलं, तेव्हा वीस मिनिटांची तीस झाली. दुसऱ्या दिवशी धूसरपणा काढला; वळताना येणारी भोवळ गेली, पण जांभया राहिल्या. तिसऱ्या दिवशी कोन साठवरून नव्वदवर नेला आणि पाऊण तास बसू शकलो. पहिली जांभई आली की मी थांबत होतो. नेट लावून खेळत राहिल्याने सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी मळमळ लवकर येते, हे मला आधीच कळून चुकलं होतं. चित्र अडखळत चालत असेल, माउस हलवल्यावर दृश्य उशिरा वळत असेल, तर दोष या तिन्हींत नसून संगणकाच्या ताकदीत असतो. तेव्हा चित्राचा दर्जा उतरवावा लागतो.

तिसऱ्या दिवशी बहीण माझ्या मागे उभी राहून बघत होती. दहाव्या मिनिटाला ती उठून ओसरीवर गेली. पडदा तोच, सेटिंग तीच, पण माउस माझ्या हातात होता. पुढचं वळण कधी येणार हे मला आधी कळत होतं, तिला नाही. घाटात चालकाला गाडी का लागत नाही, याचं उत्तर इतक्या वर्षांनी घरातच मिळालं. आता भाचा खेळत असला की ती त्याच्या पाठीमागे उभी राहत नाही.