हातचा कुठे गेला?

आकड्यांचं वेड असलेल्या मुलाच्या हाती बहुतेक घरांत पहिल्यांदा झटपट गणिताचं पुस्तक पडतं. या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे भारती कृष्ण तीर्थांचं ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’. ते १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर छापलं गेलं. त्यातल्या युक्त्या उपलब्ध वेदांत सापडत नाहीत, पण त्या चालतात, हे मात्र खरं.

उदाहरणार्थ ९७ × ९४. शंभराला पहिला ३ ने कमी, दुसरा ६ ने. ९७ मधून ६ काढले की ९१, आणि ३ × ६ म्हणजे १८. उत्तर ९११८. मुलगा खूश!

आता त्यालाच ८८ × ८७ घालावं. इथे शंभराला १२ आणि १३ कमी. ८८ वजा १३ म्हणजे ७५ आणि १२ × १३ म्हणजे १५६. युक्ती नुसती पाठ केलेला मुलगा सरळ ७५१५६ लिहून मोकळा होतो. वास्तविक शेवटी दोनच घरं असतात. १५६ मधला १ हातचा म्हणून ७५ मध्ये जातो आणि उत्तर ७६५६ येतं. शंभराच्या आतल्या दोन संख्यांचा गुणाकार दहा हजारांच्या वर जाणारच नाही, एवढं सुचलं तरी चूक तिथल्या तिथे कळते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी हेच पान उघडून पाहावं. हातचा कुठे जातो आणि का, हे लिहिलेलं नसेल तर ते पुस्तक दुकानातच राहिलेलं बरं.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ चा खेळ अनेक पुस्तकांत असतो. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या अमेरिकन सदरात कापरेकरांविषयी लिहिलं आणि मास्तरांचं नाव जगभर गेलं. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचता येतं.

२१११ घेतलं की मात्र गंमत होते. वजाबाकी ९९९ येते आणि मूल म्हणतं, संपलं, आता शून्यच येणार. पण तो आकडा ०९९९ असा चार घरांतच धरायचा असतो. ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि गाडी पुन्हा ६१७४ कडे निघते.

भराभर हिशेब करणाऱ्याला थोडं थांबवायचं असेल, तर रेमंड स्मुलियनचं ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ (१९७८) द्यावं. इंग्रजी वाचायला मोठ्यांनी मदत करावी लागेल. तिथल्या बेटावर काही जण कायम खरं बोलतात, उरलेले कायम खोटं. समजा दोघे भेटले आणि पहिला म्हणाला, ‘आमच्यातला निदान एक तरी खोटारडा आहे.’ तो स्वतः खोटारडा असता, तर त्याचं हे बोलणं खरं ठरलं असतं, आणि खोटारडा खरं बोलेल कसा? म्हणजे पहिला खरा आणि दुसरा खोटारडा. इथे बेरीज नाही, गुणाकार नाही. पण दुसऱ्याने तोंडही उघडलेलं नसताना तो पकडला गेला, हे मुलाला स्वतः शोधू द्यायला हवं. उत्तराचं पान तोवर मोठ्यांनी आपल्याकडे ठेवलेलं बरं.