‘कोयनेचे दरवाजे उघडले!’ असं लिहिण्याआधी: पुराच्या व्हिडिओचं शीर्षक खरं ठेवूनही क्लिक कसे मिळतात?

जुलैचा तिसरा-चौथा आठवडा आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. लाल-पिवळ्या अक्षरांत ‘कोयनेचे दरवाजे उघडले’, त्याखाली ‘सांगलीला महापुराचा धोका’ आणि मागे फेसाळत कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो. व्हिडिओ उघडला तर कोणीतरी छत्री धरून साध्या भरलेल्या नदीकाठी उभा असतो आणि ‘पाऊस चांगला चालू आहे’ एवढंच सांगतो. त्यातलं पाणी या वर्षीचं असतं, थंबनेलवरचं २०१९ चं.

करमणुकीच्या व्हिडिओत अशी फसवणूक झाली तर दोन मिनिटं वाया जातात. सांगलीत मात्र या एका ओळीवर कोणी दुकानातला माल माळ्यावर चढवतं, कोणी जनावरं सोडून पाहुण्यांकडे नेतं. आणि तीन वेळा खोटा धाक बसलेला माणूस चौथ्या, खऱ्या वेळी हलत नाही.

या शीर्षकांमागे प्रत्येक वेळी खोटं बोलायचा हेतू असतोच असं नाही. बऱ्याचदा ते अर्धवट वाचलेल्या सरकारी निवेदनातून तयार होतं.

‘पाणी सोडलं’ म्हणजे नक्की काय?

पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. त्यातून नदीत पाणी सोडायचे दोन वेगळे मार्ग आहेत. पहिला पायथा वीजगृहाचा. तिथलं एक युनिट चालू केलं की १०५० क्युसेक आणि दोन्ही चालू केली की २१०० क्युसेक पाणी खाली येतं. दुसरा मार्ग सांडव्यावरच्या सहा वक्र दरवाजांचा. ते किती फूट उचलले यावर हजारो क्युसेकचा हिशोब ठरतो.

आता २१०० क्युसेक हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २१०० क्युसेक पाणी सलग २४ तास सोडलं तर होतात ०.१८ टीएमसी. तेच दरवाजांतून एक लाख क्युसेक दिवसभर सोडलं तर ८.६४ टीएमसी. दोन्हींत जवळपास ४८ पटींचा फरक आहे. तरीही दोन्ही वेळा निवेदनात ‘कोयना धरणातून विसर्ग’ आणि ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ हेच शब्द असतात. वीजगृहातून पाणी सोडलं तरी नदीची पातळी थोडी वाढते, पात्रात कोणी मोटार काढत असेल किंवा जनावरं धूत असेल तर त्याला सांगावंच लागतं. म्हणून इशारा बरोबरच असतो. चुकतो तो त्यावरून बनवलेला फोटो आणि त्यावरची ओळ.

दुसरी गफलत कारणाची. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीकडे येतं. पण धरणांच्या खाली पडणारा पाऊस, म्हणजे मुक्त पाणलोटातलं पाणी, कोणत्याही दरवाजातून येत नाही. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, तिचा फुगवटा वेगळा. त्यामुळे ‘कोयनेमुळे सांगली बुडणार’ या शीर्षकात दोन आश्वासनं दडलेली असतात: एक भाकीत आणि एक कारण. आठ मिनिटांच्या व्हिडिओत दोन्ही सिद्ध करणं नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नसतं.

एकच व्हिडिओ, तीन शीर्षकं

एक उदाहरण घेऊ. समजा, २४ जुलैची सकाळ आहे. कोयनेचे दरवाजे बंद आहेत, पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं जातंय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ३१ फूट आहे. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. चॅनेल चालवणाऱ्या मुलाने पुलावरून, कर्नाळ रोडवरून आणि सूर्यवंशी प्लॉटजवळून चित्रण केलं आहे.

पहिलं शीर्षक: ‘ब्रेकिंग! कोयनेचे दरवाजे उघडले, सांगलीकरांनो सावधान’. हे सरळ खोटं आहे.

दुसरं: ‘सांगली कृष्णा नदी पाणी पातळी अपडेट’. हे खरं आहे, पण यावर कोणी बोट ठेवणार नाही, कारण असेच दहा व्हिडिओ एकाखाली एक दिसतात आणि आतमध्ये काय आहे ते कळत नाही. प्रामाणिक शीर्षकांना क्लिक मिळत नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक जण हे दुसऱ्या प्रकारचं शीर्षक लिहीत असतात. तिथे अडचण प्रामाणिकपणाची नसते, शीर्षकात माहितीच नसते.

तिसरं: ‘आयर्विन पूल ३१ फूट, इशाऱ्याला ९ फूट बाकी, सूर्यवंशी प्लॉटजवळ पाणी कुठवर? २४ जुलै सकाळी ७’.

इथे एक शंका हमखास येते: मुख्य आकडा शीर्षकातच सांगून टाकला तर व्हिडिओ कोण बघेल? उत्तर बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. ज्याचं घर त्या बाजूला आहे त्याचा पहिला प्रश्न ‘किती फूट’ हा असतो. तो सुटला की लगेच दुसरा येतो: ‘म्हणजे माझ्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं का?’ हा प्रश्न आकड्याने सुटत नाही, तो बघावाच लागतो. शीर्षकाने पहिलं उत्तर द्यायचं आणि दुसरा प्रश्न उघडा ठेवायचा. पाककृतीच्या किंवा सहलीच्या व्हिडिओत पहिलं उत्तरही थोडं राखून ठेवलं तर चालतं. पुराच्या बातमीत ते राखून ठेवणं म्हणजे घाबरलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं.

नकारार्थी बातमीही चांगली चालते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गावभर अफवा असेल तर ‘कोयनेचे दरवाजे उघडले का? अजून नाही, फक्त वीजगृहातून २१०० क्युसेक’ ही ओळ त्या दिवशी सर्वांत जास्त हवी असलेली माहिती असते. फक्त त्यात ‘अजून’ हा शब्द आणि वेळ हवीच, कारण दुपारी चित्र बदलू शकतं.

क्लिक मोजणारं यंत्र काय बघतं?

यूट्यूब स्टुडिओत शीर्षक आणि थंबनेल किती वेळा समोर आलं आणि त्यातल्या किती जणांनी दाबलं, याची टक्केवारी दिसते. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलची आणि व्हिडिओंची ही टक्केवारी २ ते १० च्या मध्ये असते. पण हा आकडा एकटा बघितला की माणूस फसतो.

कल्पना करा, खोटं शीर्षक १,००० जणांना दिसलं, १०० जणांनी दाबलं आणि सरासरी ४० सेकंदांत बंद केलं. एकूण बघितलेली वेळ ४,००० सेकंद. खरं शीर्षक तेवढ्याच लोकांना दिसलं, ६० जणांनीच दाबलं, पण आपल्या भागातलं पाणी दिसेपर्यंत ते तीन मिनिटं थांबले. वेळ १०,८०० सेकंद. पुढे कोणता व्हिडिओ लोकांना सुचवायचा हे ठरवताना यंत्रणा लोक किती वेळ थांबले आणि समाधानी होते का, हेही बघते.

आश्वासन मोडलं का, हे तपासायची जागा म्हणजे प्रेक्षक किती टिकले याचा आलेख. पहिल्या ३० सेकंदांत रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली आली तर दोनपैकी एक गोष्ट झाली आहे: शीर्षकातली गोष्ट व्हिडिओत नाही, किंवा आहे पण ‘नमस्कार मित्रांनो, चॅनेलला सबस्क्राइब करा’ या प्रस्तावनेनंतर येते. दुसरा दोष सोपा आहे. पुलाजवळची पातळी पहिल्याच दृश्यात दाखवायची, नमस्कार नंतर.

एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून तुलना करायची ‘Test & compare’ ही सोय यूट्यूबने दिली आहे. तीही विजेता ठरवते ती बघितलेल्या वेळेच्या वाट्यावर, नुसत्या क्लिकवर नाही. मात्र तिचा निकाल यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. पुराच्या व्हिडिओचं आयुष्य काही तासांचं, त्यामुळे तिथे तिचा उपयोग नाही. ‘महापुरानंतर घर कसं साफ करावं’ अशा टिकणाऱ्या विषयाला ती वापरावी.

खोट्याला आता वेगळी किंमतही आहे. शीर्षक किंवा थंबनेल जे सांगतं ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींत, तर असे व्हिडिओ हटवू असं यूट्यूबने डिसेंबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलं. सुरुवातीला स्ट्राइक न देता फक्त व्हिडिओ काढला जाईल, असंही त्यात म्हटलं होतं.

फोटो आणि त्यावरची तारीख

थंबनेलचा साधा नियम: त्यातलं दृश्य व्हिडिओतलंच असावं. २१०० क्युसेकची बातमी आणि मागे सहाही दरवाजे उघडे, हे अक्षरं कितीही खरी असली तरी खोटंच आहे, कारण मोबाईलवर बोट सरकवणारा माणूस आधी फोटो बघतो आणि मग वाचतो. २०१९ शी तुलनाच दाखवायची असेल तर जुना फोटो जरूर वापरावा, पण त्यावर ‘२०१९’ हे अक्षरांइतकंच मोठं लिहून.

१२८० बाय ७२० पिक्सेलच्या कॅनव्हासवर सुबक दिसणारं मराठी मोबाईलवर अंगठ्याच्या पेरांएवढं होतं. ‘सतर्कतेचा’, ‘विसर्ग’ यांतला रफार आणि ‘पूर’मधला ऊकार त्या आकारात जाड बॉर्डरखाली गायब होतात. तीन-चार शब्द, जोडाक्षरं कमी आणि एक मोठा आकडा पुरे: ‘३१ फूट, सकाळी ७’. बनवलेलं चित्र फोनवर हातभर अंतरावर धरून बघितलं की काय वाचता येत नाही ते लगेच कळतं.

तारखेचा आग्रह एका खास कारणासाठी. यूट्यूबवर व्हिडिओखाली तो किती जुना आहे हे दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की थंबनेल आणि शीर्षक दिसतं, अपलोडची तारीख दिसत नाही. म्हणून गेल्या वर्षीचा अगदी खरा व्हिडिओही या वर्षी अफवा बनू शकतो. ‘आत्ता’, ‘आज’, ‘लाइव्ह’ हे शब्द तर दुसऱ्याच दिवशी खोटे होतात.

पूर ओसरल्यावर शीर्षक बदलून त्यात वर्ष घालता येतं आणि घालावंही. पण आधीच फॉरवर्ड झालेल्या मेसेजमधलं जुनं शीर्षक आणि जुना फोटो त्याने बदलत नाही. त्यामुळे दिवस, महिना आणि वर्ष अपलोड करतानाच थंबनेलवर छापलेलं बरं. तेही उजव्या खालच्या कोपऱ्यात नाही, कारण तिथे यूट्यूबची व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी पट्टी येते आणि नेमकी तारीखच झाकली जाते.