पुन्हा पुन्हा उघडणारे कपाट

ओट्याखालच्या सिंकच्या कपाटाचे दार लावले की बोटभर पुढे येऊन थांबते. जाता-येता गुडघ्याला लागते. आपण म्हणतो, लोहचुंबक गेले. माझ्या घरीही हाच समज होता. पण कपाटातले काळे चुंबक आपोआप क्वचितच कमजोर होते. बिघडते ते चुंबक आणि दारावरची लोखंडी पट्टी यांच्यातले अंतर. एखाद्या मिलिमीटरची फट पडली तरी ओढ झपाट्याने कमी होते.

म्हणून दुकानात जाण्याआधी दार उघडून एक लोखंडी चमचा चुंबकाला लावून पाहावा. घट्ट चिकटला तर चुंबक ठीक आहे. मग पट्टीवरचा तेलकट थर किंवा रंग पुसावा आणि बिजागरीचे स्क्रू आवळावेत. दार खाली झुकले असेल तर पट्टी चुंबकासमोर येतच नाही. चमचा सहज निसटला, किंवा प्लॅस्टिकची डबी तडकून चुंबक आत सरकले असेल, तर मात्र कॅचर बदलायचा. रोलर कॅचरची गोष्ट वेगळी: त्यातली स्प्रिंग खरोखरच ढिली पडते किंवा गंजते. दार लावताना 'टक्' असा आवाज येईनासा झाला की त्याचे आयुष्य संपले.

माझ्या दाराचा जुना रोलर सिंकच्या ओलीने गंजला होता. तो काढून चुंबकाचा कॅचर लावला. जुनी भोके सैल होती, म्हणून त्यांत फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. दुसऱ्या दिवशी डबी कपाटाच्या आतल्या बाजूला, मुठीच्या कडेला लावली. डबीची भोके लांबट असतात. स्क्रू त्यांच्या मधोमध घालून अर्धवटच आवळले. मग पट्टी चुंबकाला चिकटवली, तिच्या पाठीवर ओले कुंकू टेकवले आणि दार दाबून लावले. दारावर लाल ठसा उमटला. मोजपट्टीचे कामच उरले नाही.

ठशावर पट्टी बसवताना दोन चुका होतात. प्लायचे दार साधारण 18 मिलिमीटर जाड असते. त्यात 12 मिलिमीटरहून लांब स्क्रू घातला तर बाहेरचा सनमायका फुगण्याची भीती असते. आणि पट्टी करकचून आवळू नये. ती किंचित हलती राहिली तर स्वतःहून चुंबकावर सपाट बसते.

शेवटी दार लावून पाहायचे. दार कडेपासून पुढे राहत असेल तर डबी मागे सरकवायची; दार पूर्ण लागूनही पकड नसेल तर पुढे. दोन-तीनदा सरकवल्यावर जागा सापडते, मगच स्क्रू घट्ट करायचे. एवढे करूनही माझ्या दाराचा खालचा कोपरा बाहेर राहिला, कारण ओलीने प्लाय वाकला होता. तिथे खाली दुसरा कॅचर लावला आणि सिंकचा गळका पाइप आधी दुरुस्त करून घेतला.