श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही

23 एप्रिल 2015 रोजी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी ‘स्कायरिम’ या गेमसाठी खेळाडूंनी बनवलेले मॉड विकण्याची सोय सुरू केली. पहिल्याच दिवशी विक्रीला आलेल्या मोजक्या मॉडमध्ये ‘आर्ट ऑफ द कॅच’ नावाचा मासेमारीचा एक मॉड होता. गळ टाकणाऱ्या पात्राच्या हालचालींसाठी तो एफएनआयएस या दुसऱ्या मॉडवर विसंबून होता. एफएनआयएस सगळ्यांना फुकट मिळत होता, मासेमारीच्या मॉडला मात्र पैसे पडत होते आणि एफएनआयएसच्या निर्मात्याची त्याला संमती नव्हती. त्यावरून वाद पेटला आणि मॉड विक्रीतून काढावा लागला. खेळाडूंचा एकूणच रोष इतका होता की 27 एप्रिलला ती विक्रीची योजनाही गुंडाळली गेली.

गेममध्ये खेळाडूने स्वतः घातलेली भर म्हणजे मॉड. एखादे नवे घर, नवा पोशाख, नवी मोहीम, असे काहीही. स्कायरिम 2011 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी बेथेस्डाने मॉड बनवण्याचे ‘क्रिएशन किट’ हे साधन लोकांना मोफत दिले. पण घर बांधायला वस्तू लागतात. वस्तूच्या त्रिमितीय आकाराला मेश म्हणतात आणि त्यावर चढवलेल्या रंगपोताच्या चित्राला टेक्श्चर. हे सगळे स्वतः घडवणारे थोडे. बहुतेक जण इतरांनी केलेल्या वस्तू वापरतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र अपलोडचे बटण दाबण्याआधी प्रत्येक वस्तूबाबत दोन प्रश्न विचारावे लागतात: ही कोणी केली, आणि मला ती वापरू देण्यास तो तयार आहे का?

दोन प्रश्न, दोन उत्तरे

नवख्या मॉडरांचा घोटाळा इथेच होतो. “मूळ निर्मात्याला पूर्ण श्रेय” असे लिहिले की काम झाले, असे त्यांना वाटते. श्रेय हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, दुसऱ्याचे नाही. आपल्याकडचा 1957 चा कॉपीराइट कायदाही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. कलम 57 नुसार निर्मात्याने आपले हक्क विकून टाकले, तरी ती कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. कृती वापरण्याची परवानगी हा वेगळा विषय. तिच्याबाबत कलम 30 लेखी परवान्याची भाषा करते. म्हणून परवानगी असली तरी श्रेय चुकत नाही आणि श्रेय दिले म्हणून परवानगी मिळत नाही.

स्कायरिमचे मॉड मोठ्या प्रमाणावर जिथे ठेवले जातात त्या नेक्सस मॉड्सवर प्रत्येक मॉडच्या पानावर `Permissions and credits` हा भाग असतो. मॉड दुसरीकडे अपलोड करता येईल का, त्यात बदल करता येतील का, दुसऱ्या गेमसाठी त्याचे रूपांतर करता येईल का, त्यातल्या वस्तू आपल्या मॉडमध्ये घेता येतील का, या प्रश्नांची उत्तरे निर्मात्याने तिथे एकेक करून दिलेली असतात. विकल्या जाणाऱ्या मॉडसाठी वेगळी ओळ असते आणि नेक्ससचे डोनेशन पॉइंट मिळवणाऱ्या मॉडसाठी आणखी वेगळी. एका ओळीतला होकार दुसऱ्या ओळीला लागू पडत नाही. मासेमारीच्या मॉडचे प्रकरण अडले ते नेमके अशाच सीमेवर: फुकट वापरायला खुले असणे वेगळे आणि विक्रीसाठी खुले असणे वेगळे.

एका झोपडीचा हिशेब

समजा, स्कायरिममधल्या रिफ्टन शहराजवळ, होनरिक तलावाच्या काठी, कोळ्याची एक झोपडी उभी करायची आहे. तिच्यात चार प्रकारच्या वस्तू आहेत. भिंती आणि छप्पर गेममधलेच. कंदील एका मॉडरने इतरांसाठी खुल्या ठेवलेल्या संग्रहातला. जमिनीवरची चटई दुसऱ्या एकाच्या घराच्या मॉडमधली. आणि पाणचक्कीचा आवाज फ्रीसाउंड या ध्वनिसंग्रहावरचा.

भिंतींचा प्रश्न सोपा आहे. स्कायरिमच्या वस्तू स्कायरिमच्या मॉडमध्ये वापरता येतात, कारण खेळणाऱ्याकडे तो गेम असतोच. त्याच कंपनीच्या ‘ऑब्लिव्हियन’ या जुन्या गेममधली भिंत उचलून इथे लावली, तर मात्र नेक्सस ती स्वीकारत नाही. दुसऱ्या गेममधून काढलेल्या वस्तूंना तिथे मनाई आहे.

आवाजासाठी परवाना वाचावा लागतो. फ्रीसाउंडवर प्रत्येक ध्वनीसोबत क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिलेला असतो. तो CC0 असेल तर अट काहीच नाही. CC BY असेल तर निर्मात्याचे नाव, ध्वनीचे शीर्षक, मूळ दुवा, परवान्याचे नाव आणि आपण केलेला बदल, हे सगळे सांगावे लागते. आवाजाची लांबी कापली असेल तर तेही. CC BY-NC असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. ज्या मॉडमधून पैसे मिळण्याची शक्यता आहे त्यात असा आवाज घेऊ नये.

कंदील सगळ्यांत निर्धोक वाटतो, कारण संग्रहाच्या पानावरच “श्रेय देऊन मुक्तपणे वापरा” असे लिहिले आहे. धोका मात्र इथेच जास्त. मेशची फाइल `NifSkope` या मोफत साधनात उघडली की `BSShaderTextureSet` या नोंदीत ती कोणती टेक्श्चर वापरते याचे पूर्ण मार्ग दिसतात. त्या मार्गातल्या फोल्डरला अनेकदा मूळ निर्मात्याचे किंवा मूळ मॉडचे नाव असते. कंदिलाच्या काचेचे टेक्श्चर तिसऱ्याच कुणाच्या नावाच्या फोल्डरमधून येत असेल, तर संग्रह ठेवणाऱ्याने काचेसाठी दुसऱ्याचे काम घेतले आहे, हे कळते. स्वतःचे नसलेले वापरायला देण्याचा अधिकार त्याला नाही. अशा वेळी आधी त्याच्या पानावरची श्रेयनामावली पाहावी, मग त्या तिसऱ्या निर्मात्याच्या अटी. साखळीतली एक कडी सापडली नाही, तर तेवढे टेक्श्चर काढून गेममधलेच दुसरे लावावे.

विचारायचे कसे, आणि उत्तर आले नाही तर

चटईच्या पानावर लिहिले आहे: वापरण्याआधी माझी परवानगी घ्या. इथे निरोप पाठवणे आले. “तुमचा मॉड फार आवडला, त्यातल्या वस्तू वापरू का?” हा प्रश्न मोघम आहे. निर्मात्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. कोणत्या फाइल हव्यात त्यांची नावे द्यावीत. त्यांत काय बदल करणार, मॉड कुठे ठेवणार, डोनेशन पॉइंट घेणार का, पुढे एक्सबॉक्सवरही देणार का, हे लिहावे. आणि माझ्या मॉडमधून ही चटई आणखी कुणी मागितली तर मी देऊ की तुमच्याकडे पाठवू, हेही विचारून घ्यावे. होकार आला की तो जपून ठेवावा. तोंडी किंवा गप्पांच्या ओघात मिळालेला होकार पुढे दाखवता येत नाही.

उत्तर आलेच नाही तर? मौन म्हणजे संमती नव्हे. निर्माता मॉड सोडून गेला असेल, तरी त्याच्या पानावरची अट तशीच राहते. अशा वेळी एक प्रामाणिक वाट मोकळी असते: चटई आपल्या मॉडमध्ये भरायचीच नाही. स्कायरिममध्ये वस्तू फाइलच्या मार्गावरून सापडतात, त्यामुळे आपल्या झोपडीतून त्या मार्गाचा नुसता निर्देश करता येतो. खेळणाऱ्याला आधी मूळ मॉड उतरवायला सांगायचे. मूळ पानावर लोक जातात, डाउनलोड तिथेच मोजला जातो आणि आपल्या झिपमध्ये परक्याची एकही फाइल राहत नाही. उणीव एवढीच की मूळ मॉड काढून टाकला गेला, तर आपली चटईही जाते.

रीडमी: फाइलसोबत फिरणारी नोंद

हा सगळा हिशेब `README.txt` मध्ये उतरवायचा. नुसते “सर्व मॉडरांचे आभार” लिहून भागत नाही, कारण त्यावरून कोणती वस्तू कोणाची हे कळत नाही. नोंद वस्तूगणिक हवी. मूळ निर्माते जगभर असल्याने ती बहुधा इंग्रजीत लिहिली जाते:

```
HONRICH FISHER HUT 1.0
Needs: Skyrim SE, RUG_MOD (link)

lantern.nif, lantern.dds
  By: AUTHOR_A, from MOD_A (link)
  Terms: free with credit, read 12 Jan 2025
  Changed: handle shortened
  Reuse: ask AUTHOR_A, not me

waterwheel.wav
  By: AUTHOR_B, TITLE, Freesound (link)
  Terms: CC BY 4.0
  Changed: cut to 8 seconds

Everything else: my work, free with credit
```

यातल्या तीन नोंदींना विशेष वजन आहे. पहिली, अटी वाचल्याची तारीख. निर्माते पानावरच्या अटी बदलतात. आपण कोणत्या दिवशी काय वाचले याची नोंद आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ असला तर पुढचे गैरसमज मिटतात. दुसरी, केलेला बदल. कंदिलाची कडी आपण आखूड केली आणि ती वेडीवाकडी दिसू लागली, तर दोष मूळ निर्मात्याच्या माथी जाऊ नये. तिसरी, पुढच्या वापराची ओळ. कंदील आपण वापरू शकतो, पण इतरांना वाटू शकत नाही. पुढचा मॉडर कोणाकडे जाईल, हे या ओळीने ठरते. “माझ्या मॉडमधले काहीही घ्या” असे लिहून आपण नकळत दुसऱ्याच्या वस्तूही वाटून बसतो आणि तुटकी साखळी आणखी लांबवतो.

अपलोडच्या आधी एक चाचणी करावी. बाकीचे सगळे मॉड बंद करून फक्त आपली झिप आणि रीडमीत आवश्यक म्हणून सांगितलेले मॉड बसवावेत आणि झोपडीत शिरावे. एखादी वस्तू जांभळी दिसली तर तिचे टेक्श्चर सापडत नाही. वस्तूच्या जागी लाल उद्गारचिन्ह दिसले तर मेश सापडत नाही. म्हणजे ती वस्तू आपल्या संगणकावरच्या तिसऱ्याच मॉडमधून येत होती आणि तिचा हिशेब राहून गेला. उलट बाजूही तपासावी: झिपमधल्या फाइल आणि रीडमीतली यादी समोरासमोर ठेवावी. यादीत नसलेली प्रत्येक फाइल आपली तरी असली पाहिजे, नाहीतर तिचा माग काढून तिची नोंद तरी झाली पाहिजे.

हीच माहिती मॉडच्या पानावरही भरावी, पण रीडमी झिपच्या आत असावीच. पाने बंद होतात, मॉड हातोहात फिरतात, एकाच्या संगणकावरून दुसऱ्याच्या संगणकावर जातात. दहा वर्षांनी कुणाला त्या झोपडीतला कंदील आवडला, तर तो कोणी घडवला आणि मागायचा कोणाकडे, हे त्याला त्या छोट्या मजकुराच्या फाइलमधूनच कळणार आहे.